संस्थेच्या बजेटमध्ये बँकेचा हप्ता कसा मांडायचा: व्याज वेगळं, मुद्दल वेगळं

एखाद्या छोट्या शिक्षण संस्थेत किंवा ट्रस्टमध्ये तुम्हाला नुकतंच खजिनदार केलं असेल आणि संस्थेच्या डोक्यावर बँकेचं कर्ज असेल, तर पहिलं बजेट करताना एका ओळीवर हमखास अडायला होतं. "कर्जाचे हप्ते" म्हणून पूर्ण रक्कम खर्चात टाकायची का? टाकली तर बजेट तुटीत दिसतं, नाही टाकली तर पैसे बाहेर जातायत हे दिसतच नाही. मी बरीच वर्षं संस्थांच्या वह्या लिहितोय आणि दोन्ही बाजूंच्या चुका पाहिल्यात (एक तर स्वतःच केलीये, पुढे सांगतो), म्हणून एकच उदाहरण घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाऊ.

उदाहरण असं. तालुक्याच्या गावातली शाळा चालवणारी संस्था, तिने मुलांसाठी दोन बस घेतल्या. दोन्ही मिळून ३० लाख, त्यातले ६ लाख संस्थेचे, २४ लाख बँकेचे. व्याज १२ टक्के, मुदत ६० महिने. पैसे ५ ऑक्टोबर २०२५ ला मिळाले, पहिला हप्ता ५ नोव्हेंबर २०२५ ला गेला. आता आपल्याला एप्रिल २०२६ ते मार्च २०२७ चं बजेट करायचंय. व्याज मुद्दाम १२ धरलंय, म्हणजे महिन्याला बरोबर १ टक्का, तोंडी हिशोब पडताळता येतो. (ट्रस्टने कर्ज काढायच्या आधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६अ मध्ये ते आहे. ती घेतलीये असं धरूनच पुढे चालू, नसेल घेतली तर आधी तिकडे बघा, बजेट नंतर.)

पहिलं काम: मंजुरीपत्र नीट वाचा

बजेटला बसायच्या आधी बँकेचं मंजुरीपत्र काढा आणि परतफेडीचा परिच्छेद शब्द न शब्द वाचा. कारण हप्ता दोन तऱ्हेचा असतो आणि दोन्हीला लोक "हप्ता"च म्हणतात.

एक म्हणजे ईएमआय. दर महिन्याला एकच ठरलेली रक्कम, त्यातच व्याजही आलं आणि मुद्दलही. आपल्या उदाहरणात ती ५३,३८७ रुपये येते.

दुसरी तऱ्हा म्हणजे मुद्दलाचा हप्ता ठरलेला आणि व्याज वेगळं. पत्रात असं काहीतरी लिहिलेलं असतं की "४०,००० रुपयांच्या ६० समान मासिक हप्त्यांत, अधिक व्याज जसं लागेल तसं". संस्थांना आणि धंद्यांना दिलेल्या कर्जात ही तऱ्हा बऱ्याचदा असते, आणि नवीन माणूस इथेच फसतो, कारण त्याला ४०,००० दिसतात आणि "अधिक व्याज" हे दोन शब्द नजरेतून सुटतात.

माझी चूक हीच. एका संस्थेचं बजेट करताना मी मुद्दलाचा हप्ता गुणिले १२ करून ठेवला आणि खूश झालो. पहिल्याच महिनाअखेरीला बँकेने व्याज नावे टाकलं, मला वाटलं बँकेची चूक आहे, पासबुक घेऊन तावातावाने गेलो, मॅनेजरनी शांतपणे माझंच पत्र माझ्यापुढे ठेवलं. सचिव सोबत होते, ते परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत.

या दुसऱ्या तऱ्हेत आपल्या २४ लाखांचं काय झालं असतं ते बघा. मार्च २०२६ पर्यंत ५ हप्ते जाऊन २२ लाख बाकी. एप्रिलमध्ये ४०,००० मुद्दल आणि २२,००० व्याज, म्हणजे ६२,०००. पुढच्या मार्चमध्ये ४०,००० आणि १७,६००, म्हणजे ५७,६००. वर्षाचं मुद्दल ४,८०,०००, व्याज २,३७,६००, एकूण ७,१७,६००. मी केलं तसं नुसतं ४,८०,००० धरलं असतं तर जवळजवळ अडीच लाख कमी पडले असते. पुढे मात्र आपण ईएमआय धरूनच चालू.

दुसरं काम: वर्षाचा हप्ता फोडा

ईएमआयमध्ये व्याज किती आणि मुद्दल किती हे दर महिन्याला बदलतं, कारण व्याज शिल्लक कर्जावर लागतं आणि शिल्लक दर महिन्याला थोडी खाली येते. पहिल्या महिन्यात २४ लाखांवर १ टक्का म्हणजे २४,००० व्याज, मग ५३,३८७ मधून उरले २९,३८७, ते मुद्दलात गेले. शिल्लक झाली २३,७०,६१३. दुसऱ्या महिन्यात व्याज २३,७०६, मुद्दल २९,६८१. बस, हेच ६० वेळा करायचं, बाकी यात काही गूढ नाही.

बँकेकडून परतफेडीचं पूर्ण वेळापत्रक मागून घ्या, देतात. पण स्वतः एक्सेलमध्येही करून बघा, म्हणजे बँकेचा कागद तुम्हाला वाचता येईल. आपल्या आर्थिक वर्षात हप्ता क्रमांक ६ (एप्रिल २०२६) ते १७ (मार्च २०२७) येतात, म्हणून सूत्रात ६ आणि १७:

```
=PMT(12%/12,60,-2400000)
=CUMIPMT(12%/12,60,2400000,6,17,0)
=CUMPRINC(12%/12,60,2400000,6,17,0)
```

पहिलं सूत्र ईएमआय देतं, दुसरं वर्षाचं व्याज, तिसरं वर्षाचं मुद्दल. शेवटची दोन उत्तरं उणे येतात, घाबरू नका, पैसे बाहेर जातायत एवढाच त्याचा अर्थ. इथे लोकांचं काय चुकतं, तर १ आणि १२ टाकतात. ते कर्जाचं पहिलं वर्ष झालं, तुमचं आर्थिक वर्ष नव्हे. कर्ज एप्रिलमध्ये सुरू झालं नसेल तर आधीच्या मार्चपर्यंत किती हप्ते गेले ते बोटावर मोजा आणि तिथून पुढे धरा.

ईएमआय पूर्ण रुपयात ५३,३८७ धरला की उत्तर असं येतं (सूत्रं पैसेही धरतात, म्हणून तिथे चार-पाच रुपयांचा फरक दिसेल), आणि बजेटच्या कर्जफेड विभागात हे असंच पाच ओळींत लिहा:

१ एप्रिल २०२६ ला कर्ज बाकी: २२,५०,०९७
वर्षात जाणारे हप्ते (५३,३८७ × १२): ६,४०,६४४
त्यातलं व्याज: २,४८,९३२
त्यातलं मुद्दल: ३,९१,७१२
३१ मार्च २०२७ ला कर्ज बाकी: १८,५८,३८५

पडताळा दोनच. व्याज अधिक मुद्दल म्हणजे एकूण हप्ते, आणि सुरुवातीची बाकी वजा मुद्दल म्हणजे शेवटची बाकी. दुसऱ्या पडताळ्यात व्याजाला कुठेही जागा नाही हे लक्षात घ्या, व्याज भरल्याने कर्ज एक रुपयाने कमी होत नाही.

बँकेच्या आकड्यात आणि तुमच्या आकड्यात थोडा फरक पडेल, बँक बहुतेकदा दिवसांवर व्याज काढते, ३१ दिवसांच्या महिन्यात जास्त आणि फेब्रुवारीत कमी. वर्षाला काहीशे रुपये इकडेतिकडे झाले तर सोडून द्या, हजारांत गेला तर मात्र व्याजदर बदललाय किंवा एखादा चार्ज आत घुसलाय असं समजून शोधा.

तिसरं काम: दोन आकडे दोन वेगळ्या जागी

हाच सगळ्या लेखाचा गाभा आहे त्यामुळे इथे जरा थांबू.

व्याज हा खर्च आहे. बँकेचे पैसे वापरल्याचं ते भाडं, गेलं ते गेलं. त्यामुळे २,४८,९३२ उत्पन्न-खर्चाच्या बजेटमध्ये खर्चाच्या बाजूला, "बँक कर्जावरील व्याज" अशा स्वतंत्र ओळीत.

मुद्दल हा खर्च नाही. बस घेतल्या तेव्हा २४ लाख आले, ते आपण उत्पन्न म्हणून दाखवले होते का? नाही ना, मग परत देताना खर्च कसा होईल. ताळेबंदात कर्ज कमी होतं आणि बँकेतली शिल्लक कमी होते, इतकंच घडतं. पण पैसे खरेखुरे खात्यातून जातात, म्हणून ३,९१,७१२ हे रोख प्रवाहाच्या तक्त्यात (काही संस्था त्याला भांडवली बजेट म्हणतात) आलेच पाहिजेत.

मग बसची किंमत खर्चात कधी येते? घसाऱ्याच्या रूपाने. आपण सोपं धरू, ३० लाखांच्या बस १० वर्षं, म्हणजे वर्षाला ३ लाख घसारा. (तुमच्या संस्थेची पद्धत आणि दर ऑडिटरला विचारा, वेगळे असू शकतात.) घसारा हा खर्च आहे पण त्यात खिशातून काही जात नाही. मुद्दल बरोबर उलट, खिशातून जातं पण खर्च नाही. ही जोडी एकदा डोक्यात बसली की पुढे कधी गोंधळ होत नाही.

आता आकडे. समजा संस्थेचं वर्षाचं उत्पन्न ६०,००,००० आणि व्याज व घसारा सोडून बाकी सगळा खर्च, पगार, डिझेल, वीज, दुरुस्ती वगैरे, ५२,४०,०००. उरले ७,६०,०००. त्यातून व्याज २,४८,९३२ आणि घसारा ३,००,००० वजा केला की बजेटमधली शिल्लक २,११,०६८.

रोख तक्ता इथूनच सुरू करायचा. २,११,०६८ मध्ये घसारा परत मिळवा, कारण तो खिशातून गेलाच नव्हता, झाले ५,११,०६८. त्यातून मुद्दल ३,९१,७१२ वजा करा. वर्षअखेर खरे वाढणारे पैसे १,१९,३५६. पडताळायचं असेल तर सरळ ७,६०,००० मधून पूर्ण हप्ते ६,४०,६४४ वजा करा, तेच उत्तर येतं. नाही आलं तर कुठेतरी काहीतरी दोनदा धरलंय.

दोनदा कसं धरलं जातं? एका ओळखीच्या संस्थेत पूर्ण हप्ता खर्चात टाकला आणि वर घसाराही टाकला. आपल्या आकड्यांत तसं केलं तर ७,६०,००० वजा ६,४०,६४४ वजा ३,००,००० म्हणजे १,८०,६४४ ची तूट दिसते. बस त्याच, पण त्यांची किंमत एकदा मुद्दलातून आणि एकदा घसाऱ्यातून खर्चात आली. तिथे ती तूट बघून बसची फी वाढवायचा ठराव झाला होता, पालकांची ओरड झाली, आणि वर्षअखेर ऑडिटरनी सांगितलं की तूट नव्हतीच.

उलटी चूक जास्त महागात पडते. व्याज खर्चात बरोबर टाकलं, मुद्दल कुठेच टाकलं नाही. कमिटीला २,११,०६८ शिल्लक दिसते, कोणीतरी म्हणतं चला दोन लाखांचे कॉम्प्युटर घेऊ, सगळे हो म्हणतात, आणि खात्यात खरी वाढ होणार असते १,१९,३५६. फेब्रुवारीत पगार आणि हप्ता एकाच आठवड्यात आले की मग कळतं. म्हणून बजेटच्या मीटिंगमध्ये दोन्ही आकडे एकाच पानावर ठेवा, शिल्लक २,११,०६८ आणि रोख वाढ १,१९,३५६, आणि अध्यक्षांनी विचारायच्या आधी तुम्हीच सांगा की दोन्ही खरे आहेत आणि खरेदी ठरवायची ती दुसऱ्याकडे बघून.

चौथं काम: महिन्यांवर पसरवून बघा

वर्षाचं गणित जमलं म्हणजे महिन्याचं जमलं असं नाही. शाळेची फी जूनमध्ये आणि दिवाळीनंतर येते, हप्ता मात्र दर महिन्याच्या ५ तारखेला जातो, त्याला तुमची सुट्टी माहीत नाही. एप्रिल आणि मे हे दोन महिने संस्थांना सगळ्यात कोरडे. त्यामुळे १२ रकान्यांचा साधा तक्ता करा, सुरुवातीची शिल्लक, जमा, खर्च, ५३,३८७ चा हप्ता, अखेरची शिल्लक. एखाद्या महिन्यात अखेरची शिल्लक एका हप्त्याच्या खाली गेली की तो महिना लाल करा.

मी तीन हप्ते, म्हणजे १,६०,१६१ रुपये, वेगळ्या बचत खात्यात ठेवायला सांगतो. तीनच का, तर हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की बँक ते खातं एनपीए करते, आणि मग ओव्हरड्राफ्ट, नवीन कर्ज, सगळीकडे ते आडवं येतं. ही रक्कम खर्च नाही आणि कर्जफेडही नाही, बजेटमध्ये फक्त "राखीव" म्हणून दाखवा.

हप्ता उशिरा गेला तर दंड लागतो. १ एप्रिल २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकांना नवीन कर्जांवर दंड व्याजदर वाढवून घेता येत नाही, वेगळा दंड-आकार म्हणून घ्यावा लागतो आणि त्या दंडावर पुन्हा व्याज लावता येत नाही. त्यामुळे तुमच्याही वहीत तो व्याजाच्या ओळीत मिसळू नका. प्रोसेसिंग फी, बसचा विमा, तेही "बँक चार्जेस" आणि "विमा" मध्ये, व्याजाची ओळ स्वच्छ राहू द्या, नाहीतर वर्षअखेर बँकेच्या व्याजाच्या दाखल्याशी जुळवताना रात्र जाते.

पाचवं: व्याजदर वाढला तर

तुमचा दर फ्लोटिंग असेल (पत्रात बघा) तर बजेटखाली एक टीप हवी की दर १ टक्का वाढला तर काय. त्यासाठी पूर्ण तक्ता नवा करायची गरज नाही. वर्षाच्या व्याजाला दराने भागलं की वर्षाची सरासरी बाकी मिळते, २,४८,९३२ भागिले १२ टक्के म्हणजे सुमारे २०,७४,०००. त्याचा १ टक्का सुमारे २०,७००. तेवढं व्याज वाढेल.

पण ते कुठून जाणार हे बँक काय करते त्यावर आहे. ईएमआय तोच ठेवून मुदत वाढवली, तर खात्यातून जाणारे पैसे तेवढेच, फक्त त्यातलं व्याज वाढतं आणि मुद्दल तेवढंच घटतं. मग शिल्लक २,११,०६८ वरून सुमारे १,९०,००० वर येते, रोख वाढीला मात्र धक्का नाही, आणि कर्ज काही महिने जास्त चालतं. ईएमआय वाढवला तर रोख वाढीलाही फटका. दर बदलल्याचा मेसेज आला की दोन्हीपैकी काय केलंय हे बँकेला लेखी विचारा आणि नवं वेळापत्रक घ्या, जुन्या वेळापत्रकावर चालू राहिलात तर मार्चमध्ये बाकी जुळणार नाही.

सहावं: दर महिन्याची नोंद

बजेट बरोबर आणि नोंद चूक असं झालं तर तुलना करताना काही समजत नाही. टॅलीत हप्त्याची नोंद दोन भागांत करा. एप्रिल २०२६ ला कर्ज खातं नावे ३०,८८६, व्याज खातं नावे २२,५०१, बँक जमा ५३,३८७. मार्च २०२७ पर्यंत तीच रक्कम ३४,४५९ आणि १८,९२८ अशी फुटलेली असेल.

काहीजण घाईत पूर्ण ५३,३८७ कर्ज खात्यालाच टाकतात, "नंतर बघू" म्हणून. ते कसं ओळखायचं सांगतो. तसं केलं असेल तर मार्च २०२६ अखेर वहीत बाकी दिसेल २१,३३,०६५ आणि बँक म्हणेल २२,५०,०९७. फरक १,१७,०३२, म्हणजे बरोबर त्या पाच हप्त्यांमधलं व्याज. वहीतली बाकी बँकेपेक्षा कमी आणि फरक व्याजाएवढा, की समजायचं व्याज खर्चात गेलंच नाही. उलट वहीतली बाकी २४ लाखांवरच बसलेली असेल तर पूर्ण हप्ता खर्चात गेलाय.

ताळेबंदासाठी ऑडिटर अजून एक आकडा मागतात, पुढच्या वर्षभरात फेडायचं मुद्दल, कारण ते चालू देण्यांत वेगळं दाखवतात. ३१ मार्च २०२७ ला आपल्या १८,५८,३८५ पैकी ४,४१,३९१ पुढच्या बारा महिन्यांत जाणार आहेत. सूत्र तेच, ६ आणि १७ च्या जागी १८ आणि २९. हप्ता तेवढाच, पण मुद्दल जवळपास ५०,००० ने वाढलं आणि व्याज तेवढंच घटून १,९९,२५३ झालं, त्यामुळे गेल्या वर्षीचे आकडे कॉपी-पेस्ट करू नका.

ट्रस्टच्या इन्कम टॅक्सचं एक वळण आहे, तेवढं सांगून ठेवतो. कर्जाच्या पैशातून केलेली खरेदी त्या वर्षी उद्दिष्टांवरचा खर्च म्हणून धरत नाहीत, मुद्दल स्वतःच्या उत्पन्नातून फेडलं की त्या त्या वर्षी धरतात, आणि तेही खरेदीचं वर्ष संपल्यापासून ५ वर्षांच्या आत फेडलं तरच. म्हणजे हिशोबात जो खर्च नाही तो टॅक्सच्या फॉर्ममध्ये मात्र मोजला जातो. आपलं ६० महिन्यांचं कर्ज ऑक्टोबर २०३० ला संपतं, मुदत ३१ मार्च २०३१ पर्यंत, म्हणून बसतं. सात वर्षांचं घेतलं असतं तर शेवटचे बरेच हप्ते बाहेर राहिले असते. यात अटी अजून आहेत, तुमच्या सीएला मुद्दलाचा वर्षवार तक्ता देऊन टाका, ते बघतील.

आणि ऑक्टोबरमध्ये एकदा सहा महिन्यांचं कर्ज खात्याचं स्टेटमेंट काढून बसा. ५ सप्टेंबर २०२६ चा हप्ता गेल्यावर बजेटप्रमाणे सहा हप्त्यांत ३,२०,३२२ रुपये गेलेले असायला हवेत. तेवढेच गेले असतील आणि तरीही बाकी तुमच्या तक्त्यापेक्षा जास्त दिसत असेल, तर आधी व्याजदराचा रकाना बघा, मग चार्जेसचा.